प्रकल्प नोंदी: एकच प्रश्न, दोन नव्या चॅट, दोन उत्तरं

३ मार्च

कामाच्या तासांच्या स्प्रेडशीटमध्ये बेरीज चुकीची दिसते, ती दुरुस्त करायची आहे. B2 ते B7 मध्ये सहा दिवसांचे तास आहेत: ७:३०, ८:१५, ६:४५, ९:००, ८:२० आणि ५:४०. हाताने बेरीज केली तर ४५ तास ३० मिनिटं होतात. B8 मध्ये `SUM` लावला की दिसतं २१:३०.

AI चॅटमध्ये विचारलेला प्रश्न शब्दशः असा: "B2 ते B7 मध्ये तास आणि मिनिटं आहेत. बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की चुकीची दिसते. B8 मध्ये बरोबर बेरीज कशी दाखवायची?"

पहिल्या चॅटमधलं उत्तर:

```
=SUM(B2:B7)
B8 चा कस्टम नंबर फॉरमॅट: [h]:mm
```

कारणही नीट दिलेलं होतं. शीट एक अख्खा दिवस म्हणजे १ असं मोजते आणि तास हे त्या एकाचे अपूर्णांक असतात. ४५:३० म्हणजे १.८९५८ दिवस. साधा `h:mm` फॉरमॅट पूर्ण दिवस सोडून देतो आणि उरलेला भाग दाखवतो, म्हणून २१:३०. चौकटी कंसामुळे तास २४ नंतर पुन्हा शून्यावर येत नाहीत. बेरीज मुळात बरोबरच होती, फक्त दिसत चुकीची होती.

फॉर्म्युला शीटमध्ये टाकला, ४५:३० आले. चॅट बंद केली. उत्तर कुठेही उतरवून ठेवलं नाही. चॅट तात्पुरत्या प्रकारातली होती, त्यामुळे इतिहासातही राहिली नाही.

४ मार्च

दुसऱ्या शीटसाठी तेच हवं होतं. नवी चॅट उघडून तोच प्रश्न, एक अक्षर न बदलता चिकटवला. या वेळचं उत्तर:

```
=TEXT(SUM(B2:B7),"[h]:mm")
```

सेलमध्ये दिसलं ४५:३०. कालच्यासारखंच. लगेच पुढचं काम सुरू झालं आणि इथेच गफलत झाली.

५ मार्च

आठवड्यांच्या बेरजांची बेरीज शून्य येते आहे. कारण सापडलं: `TEXT` आकडा देत नाही, आकड्यासारखा दिसणारा मजकूर देतो. `SUM` ला सेलच्या रांगेत मजकूर भेटला की तो गुपचूप ओलांडून पुढे जातो. एरर नाही, इशारा नाही.

दुसरा बिघाड आणखी वाईट. ४० तासांच्या वर काम झालं का, हे बघायला एक ओळ आहे:

```
=B8>40/24
```

B2 मधले ७:३० काढून टाकले. बेरीज ३८:०० झाली, म्हणजे उत्तर `FALSE` यायला हवं. आलं `TRUE`. शीटमध्ये मजकुराची आकड्याशी तुलना झाली की मजकूर नेहमीच मोठा ठरतो. म्हणजे कोणी एक तास काम केलं असतं तरी ४० तास ओलांडल्याची खूण आलीच असती.

ओळखायची सोपी खूण: `TEXT` वाली बेरीज सेलमध्ये डावीकडे चिकटून बसते, खरा आकडा उजवीकडे. अलाइनमेंट कोणी हाताने बदललेली असेल तर ही खूण फसते. तेव्हा शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये `=ISTEXT(B8)` लिहावं. `TRUE` आलं तर तो मजकूर आहे.

न्यायाने पाहिलं तर दुसरं उत्तर खोटं नाही. प्रश्न "कशी दाखवायची" असा होता आणि `TEXT` ने ते दाखवलं. पुढे त्या आकड्यावर हिशोब होणार आहे हे प्रश्नात कुठेच नव्हतं. प्रश्नात जी जागा मोकळी राहते, ती प्रत्येक चॅट आपापल्या परीने भरते.

६ मार्च

प्रश्न तोच, टूल तेच, मग उत्तर का बदललं? याचा उलगडा इथे सविस्तर लिहून ठेवत आहोत, कारण "कधी कधी चुकतं" एवढ्यावर सोडलं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होईल.

चॅटमध्ये उत्तर लिहिणाऱ्या AI मॉडेलकडे उत्तरांचा साठा नसतो. ते उत्तर तुकड्या-तुकड्याने तयार करतं. या तुकड्याला टोकन म्हणतात. टोकन कधी अख्खा शब्द असतं, कधी शब्दाचा भाग. देवनागरी शब्दाचे तर बऱ्याचदा अनेक तुकडे पडतात. प्रत्येक पायरीला मॉडेल पुढे येऊ शकणाऱ्या टोकनांना शक्यतेचे आकडे देतं, आणि त्या आकड्यांच्या प्रमाणात एक टोकन चिठ्ठी काढल्यासारखं उचललं जातं. सर्वांत शक्य असलेलंच टोकन दर वेळी घेतलं जातं असं नाही.

आपल्या प्रश्नावर सुरुवातीलाच तीन वाटा फुटतात असं धरू. सेलचा फॉरमॅट बदला, ही वाट ०.५. `TEXT` वापरा, ही ०.३. बेरजेला २४ ने गुणून ४५.५ असे दशांश तास दाखवा, ही ०.२. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दोन नव्या चॅट एकाच वाटेने जाण्याची शक्यता किती?

```
0.5*0.5 + 0.3*0.3 + 0.2*0.2 = 0.38
```

म्हणजे शंभरातल्या ६२ वेळा दोन चॅट वेगळ्या वाटेने जातील, आणि दोन्हींचं डोकं अगदी ठिकाणावर असेल. वेगळं उत्तर आलं म्हणजे काहीतरी बिघडलं, हा समज इथेच सोडून द्यावा.

एकदा वाट पकडली की मागे फिरणं कमीच. निवडलेलं टोकन लगेच पुढच्या टोकनाच्या आधारात जमा होतं. उत्तराच्या पहिल्या ओळीत `TEXT` आलं की उरलेला परिच्छेद `TEXT` कसं वापरायचं आणि ते का योग्य, हे समजावण्यात जातो. म्हणून दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे लिहिलेली दिसतात. वाक्यातल्या ठामपणावरून कोणती वाट बरी हे कळत नाही.

फाटा मोठाच असावा लागतो असंही नाही. २०० टोकनांचं उत्तर आहे आणि प्रत्येक टोकनाला दोन्ही चॅट जुळण्याची शक्यता ०.९९ आहे असं धरा. सगळंच्या सगळं जुळण्याची शक्यता ०.९९ चा २००वा घात, म्हणजे जवळपास ०.१३. बहुतेक वेळा फरक फक्त शब्दांचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र तो फॉर्म्युल्यावर येऊन पडला.

७ मार्च

टेम्परेचर. ही सेटिंग शक्यतांमधलं अंतर वाढवते किंवा कमी करते. टेम्परेचर १ असेल तर आकडे आहेत तसे राहतात. ०.५ केलं तर प्रत्येक आकड्याचा वर्ग करून पुन्हा एकूण १ होईल असे वाटून दिले जातात. कालच्या तीन वाटा ०.५, ०.३, ०.२ वरून साधारण ०.६५८, ०.२३७, ०.१०५ होतात. पुढची वाट आणखी पुढे जाते, मागची आणखी मागे. शून्यावर नेलं की दर वेळी सर्वांत वरचंच टोकन घेतलं जातं.

नेहमीच्या चॅटच्या खिडकीत ही कळ बहुधा नसतेच. ती प्रोग्रामातून मॉडेल वापरणाऱ्यांना मिळते, आणि तिथेही सगळ्या मॉडेलना नाही.

शून्य ठेवलं तरी हुबेहूब तेच उत्तर येईल अशी खात्री देता येत नाही. संगणकातली दशांशांची बेरीज क्रमावर अवलंबून असते:

```
(0.1 + 0.2) + 0.3   ->  0.6000000000000001
0.1 + (0.2 + 0.3)   ->  0.6
```

सर्व्हरवर आपला प्रश्न एकटा चालत नाही. त्याच क्षणी आलेल्या इतरांच्या प्रश्नांबरोबर त्याचा गठ्ठा होतो, आणि गठ्ठ्याच्या आकारानुसार आतल्या बेरजांचा क्रम बदलू शकतो. फरक शेवटच्या दशांशात असतो. पण दोन टोकनं अगदी खांद्याला खांदा लावून उभी असतील तर तेवढ्यानेही वरचं टोकन बदलतं आणि तिथून पुढे वाट बदलते. काही ठिकाणी सीड नावाचा आकडा देऊन चिठ्ठ्यांचा क्रम बांधता येतो, पण गठ्ठ्याचा हा परिणाम त्याने जात नाही.

थोडक्यात, आपल्या हातात असलेला उपाय सेटिंगमध्ये नाही. तो उत्तर साठवण्यात आहे.

१० मार्च

चिठ्ठीचा दोष काढण्याआधी एक तपासायचं राहिलं होतं: दोन्ही चॅटमध्ये मॉडेलपर्यंत खरंच तोच मजकूर पोचला होता का? आपण टाइप केलेला प्रश्न हा मॉडेलला मिळणाऱ्या मजकुराचा एक भाग. त्याच्या आधी टूलच्या सूचना असतात आणि बऱ्याचदा आजची तारीखही. मेमरी चालू असेल तर आधीच्या गप्पांतल्या नोंदी येतात. "थोडक्यात सांग" अशी कायमची सूचना सेटिंगमध्ये दिलेली असेल तर तीही येते. वेबवर शोधायची सोय चालू असेल तर सापडलेल्या पानांचा मजकूर येतो, आणि तो रोज वेगळा असू शकतो. शिवाय मॉडेलची निवड आपोआपवर ठेवली असेल तर दोन चॅटना दोन वेगळी मॉडेलंही मिळू शकतात.

वेगळं करून बघण्याची पद्धत: मेमरी आणि कायमच्या सूचना बंद, वेबशोध बंद, मॉडेल नावाने निवडलेलं. मग लागोपाठ चार-पाच नव्या चॅटमध्ये तोच प्रश्न फाइलमधून चिकटवायचा. हाताने पुन्हा टाइप करायचा नाही, कारण एक स्वल्पविराम बदलला तरी तो दुसरा प्रश्न होतो. एवढं करूनही उत्तरं पांगली तर ती चिठ्ठीमुळे. पांगायची थांबली तर कारण बंद केलेल्या गोष्टींत होतं, आणि त्या एकेक करून चालू करत बघायच्या.

आपल्याकडे सगळं बंद करूनही फॉरमॅट आणि `TEXT` दोन्ही वाटा आल्या.

११ मार्च

हरवलेलं उत्तर परत मागून बघितलं. नव्या चॅटमध्ये "३ मार्चला दिलेला फॉर्म्युला पुन्हा दे" असं लिहिलं. एक फॉर्म्युला आला, मोठ्या विश्वासाने आला, आणि तो `TEXT` वाला होता. नव्या चॅटला ती जुनी चॅट दिसतच नाही, मेमरीतही ती नव्हती. त्यामुळे जे आलं ते परत मिळालेलं उत्तर नव्हतं, पुन्हा काढलेली चिठ्ठी होती. मात्र ती "पुन्हा दिलेल्या" उत्तराच्या वेषात येते, म्हणून जास्त धोक्याची.

१२ मार्च

साठवण्याचा क्रम ठरला. मुद्दा वेळेचा आहे: उत्तर कामाचं वाटलं की पुढचा प्रश्न विचारण्याआधी ते फाइलमध्ये जायला हवं. तपासून मग साठवू असं ठरवलं की तपासताना खिडकी बंद होते. म्हणून आधी साठवायचं आणि वर "न तपासलेलं" लिहायचं.

१. उत्तराखालच्या कॉपीच्या बटणाने कॉपी करायचं, फॉर्म्युला कोडच्या चौकटीत असेल तर तिथल्याच बटणाने. माउसने ओढून निवडलं तर शेवटचा कंस किंवा पहिलं `=` सुटतं.

२. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवायचं. वर्ड प्रोसेसरमध्ये नाही, कारण तो सरळ अवतरणचिन्हं आपणहून वाकडी करतो. फॉर्म्युल्यातलं `"[h]:mm"` हे `“[h]:mm”` झालं की शीट ते मानत नाही आणि एरर येतो. डोळ्यांना हा फरक पटकन दिसत नाही आणि दोष उत्तराला दिला जातो. फोनवरचे काही कीबोर्ड आणि नोट्सची ॲपही हाच उद्योग करतात.

३. वर पाच ओळी: तारीख, स्क्रीनवर दिसणारं मॉडेलचं नाव, मेमरी आणि वेबशोध चालू की बंद, प्रश्न शब्दशः, आणि स्थिती.

४. उत्तरात स्वतःचे बदल करायचे नाहीत. सुधारलेला फॉर्म्युला खाली वेगळा लिहायचा, नाहीतर मूळ काय होतं हे आठवड्याने कोणालाच सांगता येत नाही.

५. रिकाम्या शीटवर चालवून स्थितीची ओळ बदलायची.

आपली फाइल, नाव `2025-03-12_tas-berij.txt`:

```
तारीख: 2025-03-12
मॉडेल: (स्क्रीनवरून जसंच्या तसं)
मेमरी: बंद   वेबशोध: बंद
प्रश्न: B2 ते B7 मध्ये तास आणि मिनिटं आहेत. बेरीज २४
तासांच्या पुढे गेली की चुकीची दिसते. B8 मध्ये बरोबर
बेरीज कशी दाखवायची?
स्थिती: तपासलं. 45:30 येते, ISTEXT FALSE,
38:00 ला B8>40/24 FALSE

=SUM(B2:B7)
B8 फॉरमॅट: [h]:mm
```

स्थितीच्या ओळीत "चालतं" असं लिहून उपयोग नाही. `TEXT` वालाही "चालत" होताच. कोणत्या आकड्यावर काय आलं, तेवढंच लिहायचं.

फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. मग फाइली आपोआप काळानुसार लागतात.

१३ मार्च

चॅटच्या इतिहासावर का विसंबू नये, याची विचारणा झाली. इतिहास आहे तोवर चांगलाच, पण त्यात भोकं आहेत. तात्पुरती चॅट त्यात येत नाही. पुन्हा उत्तर तयार करण्याचं बटण दाबलं की काही टूलमध्ये जुनं उत्तर बाणामागे जातं आणि `2/2` अशी बारीक खूण राहते, तर काहींत ते दिसेनासंच होतं. आधीचा प्रश्न दुरुस्त केला की तिथून नवी फांदी सुरू होते आणि खालचं सगळं बोलणं जुन्या फांदीवर राहतं. शेअरची लिंक मूळ चॅट पुसली की बऱ्याच ठिकाणी मरते. स्क्रीनशॉटमधून फॉर्म्युला उचलता येत नाही, आणि लांब उत्तर कडेला कापलं जातं ते वेगळंच.

१७ मार्च

नवी गरज: रात्रपाळी. D मध्ये सुरुवात, E मध्ये शेवट. पाळी मध्यरात्र ओलांडते तेव्हा `E2-D2` उणे येतं.

या वेळी कोरा प्रश्न टाकला नाही. नव्या चॅटमध्ये आधी १२ मार्चची फाइल चिकटवली आणि खाली लिहिलं: "B8 चा फॉर्म्युला आणि फॉरमॅट तपासलेले आहेत, ते बदलायचे नाहीत. B2 ते B7 मध्ये D आणि E वरून तास काढायचे आहेत, पाळी मध्यरात्र ओलांडू शकते. निकाल आकडाच हवा, मजकूर नको." शेवटचं वाक्य ५ मार्चच्या नोंदीमुळे आलं. साठवलेलं उत्तर समोर असलं की पहिली टोकनं त्याच्या आधाराने निवडली जातात आणि `TEXT` ची वाट बरीच अरुंद होते. बंद होत नाही, म्हणून तपासणी सुटत नाही.

आलेलं उत्तर:

```
=MOD(E2-D2,1)
```

D2 मध्ये २२:००, E2 मध्ये ५:३०. B2 मध्ये ७:३० आले. बाकीच्या पाच ओळी जुन्या तासांना जुळतील अशा भरल्या. B8 मध्ये ४५:३०, `ISTEXT` ला `FALSE`. मर्यादाही लिहून ठेवली: सुरुवात आणि शेवट एकच असेल, म्हणजे पूर्ण २४ तासांची पाळी, तर हा फॉर्म्युला शून्य देतो. आपल्याकडे तशी पाळी नाही.

`2025-03-17_ratrapali-tas.txt` म्हणून वेगळी फाइल केली. १२ मार्चची फाइल तशीच ठेवली.